यादीबाहेरची संख्या

या पुस्तिकेचा सगळा भार एका युक्तीवर आहे. ती कागदाच्या एका पानावर मावते, दशांश अपूर्णांक वाचता येणाऱ्या कुणालाही समजते, आणि तरी पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुधा तिच्याशी भांडायला उठतो. माझ्या मते भांडावंच. विलफ्रिड हॉजेस या ब्रिटिश तर्कशास्त्रज्ञानं १९९८ साली एक लेख लिहिला होता. ही युक्ती चुकीची असल्याचं सिद्ध केलं, असा दावा करणारे बरेच निबंध संपादक या नात्यानं त्याच्यापुढे आले होते. एवढ्याशा निरुपद्रवी युक्तिवादावर लोक इतक्या त्वेषानं का तुटून पडतात, असा प्रश्न विचारून त्यानं त्या निबंधांतल्या गफलती एकेक करून तपासल्या. या प्रस्तावनेतही तेच करायचं आहे. आधी युक्ती सावकाश मांडायची आणि मग ती कुठे अडेल असं वाटतं, तिथे थांबून पाहायचं.

दावा असा आहे : ० आणि १ यांच्यामधल्या सगळ्या वास्तव संख्यांची यादी होऊ शकत नाही.

इथे ‘यादी’ म्हणजे काय ते आधीच ठरवून टाकू, कारण निम्मे वाद या शब्दापाशीच सुरू होतात. यादीला पहिली ओळ असते, दुसरी असते, तिसरी असते, आणि ती कधी संपत नाही. अट एवढीच, की तिच्यातल्या प्रत्येक संख्येला ठरलेला अनुक्रमांक हवा. कितवी ते सांगता आलं पाहिजे. मग ती सातवी असो की सात कोटीवी. यादी लिहून पूर्ण करायला किती वेळ लागेल, हा प्रश्नच नाही. नैसर्गिक संख्या कुणी लिहून संपवल्या आहेत? तरी त्यांची यादी आहे असं आपण बेधडक म्हणतो, कारण ५,००० ही संख्या पाच हजाराव्या ओळीवर आहे हे आपल्याला माहीत असतं.

म्हणजे यादी करणं हे खरं तर जोड्या लावणं आहे. पंगतीत मांडलेली पानं जास्त की बसलेली माणसं जास्त, हे कळायला काहीच मोजावं लागत नाही. प्रत्येक पानावर एक माणूस बसला, रिकामं पान उरलं नाही आणि उभा माणूस उरला नाही, की दोन्ही सारखी. अनंत समूहांची तुलना करायला हीच एक रीत हाताशी आहे. तिचे निकाल मात्र विचित्र लागतात. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात दाखवलं होतं, की १, ४, ९, १६ असे वर्ग नैसर्गिक संख्यांमध्ये विरळ विखुरलेले असले तरी प्रत्येक संख्येला तिचा वर्ग जोडून देता येतो, आणि कुणीच उरत नाही. यावरून त्यानं निष्कर्ष काढला, की अनंताच्या बाबतीत कमी, जास्त, समान हे शब्दच वापरू नयेत. शहाणा निष्कर्ष होता. पुढची अडीचशे वर्षं बहुतेकांना तो पुरला.

अपूर्णांकांची यादी होते का? वाटतं की होऊ नये. ० आणि १ यांच्यामध्ये अपूर्णांक इतके दाट आहेत, की कुठलेही दोन घेतले तरी त्यांच्यामध्ये आणखी अनंत सापडतात. लहानापासून मोठ्याकडे जाणारी यादी करायची म्हटली तर पहिलीच ओळ लिहिता येत नाही, कारण सर्वांत लहान अपूर्णांक असा नाहीच. पण यादीचा क्रम आकाराचाच असला पाहिजे असं कुठे आहे? छेद धरून चालू. छेद २ असलेला एकच : १/२. मग छेद ३ चे : १/३, २/३. मग छेद ४ चे : १/४, ३/४; २/४ हा आधीच येऊन गेला, म्हणून गाळायचा. मग १/५, २/५, ३/५, ४/५, मग १/६, ५/६, आणि पुढे असंच. प्रत्येक छेदाचे अपूर्णांक मोजकेच असल्यामुळे कुठलाही अपूर्णांक सांगा, त्याची पाळी ठरावीक ओळीवर येते. दाटी असूनही यादी झाली. ही यादी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा लागणार आहे.

इथपर्यंत आल्यावर कुणालाही वाटेल, की थोडी हुशारी केली की सगळंच यादीत बसतं. गेओर्ग कँटर यालाही निकाल आधी ठाऊक नव्हता. २९ नोव्हेंबर १८७३ रोजी हाले या जर्मन गावातून त्यानं ब्राउनश्वाइगच्या रिचर्ड डेडेकिंडला पत्र लिहून विचारलं : नैसर्गिक संख्या आणि वास्तव संख्या यांच्या जोड्या लावता येतील का? येत नसाव्यात असं वाटतं, पण कारण सापडत नाही. डेडेकिंडलाही उत्तर आलं नाही. शिवाय प्रश्नाला फारसं व्यावहारिक मोल नाही असं त्याचं मत पडलं, आणि कँटरनं ते मानलंही. पण ७ डिसेंबरच्या पत्रात कँटरनं सिद्धता पाठवून दिली. ती १८७४ साली छापली गेली, आणि तिच्यात कर्ण, दशांश अंक यांतलं काहीच नव्हतं. तिच्यात यादीतल्या संख्या घेऊन एकाच्या पोटात एक अशी आखूड होत जाणारी अंतरं पकडली होती, आणि त्या सगळ्यांच्या गाभ्यात यादीबाहेरचं काहीतरी उरतंच, असं दाखवलं होतं. सिद्धता चोख होती. पण तिला वास्तव संख्यांच्या रेषेत फट नाही, हा गुणधर्म वापरावा लागत होता, आणि तो गुणधर्म स्वतःच त्या काळी नुकता घडत होता.

आपली युक्ती आली ती सतरा वर्षांनी, १८९१ मध्ये. जर्मन गणितज्ञांची संघटना नुकतीच स्थापन झाली होती आणि कँटर तिचा पहिला अध्यक्ष होता. तिच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्याच खंडात त्याचा चार-पाच पानांचा लेख आहे. गंमत म्हणजे त्यात दशांश अपूर्णांक औषधालाही नाहीत. फक्त दोन अक्षरं आहेत आणि त्या अक्षरांच्या न संपणाऱ्या ओळी आहेत. दशांश अंकांचं रूप, जे आज सगळीकडे शिकवलं जातं, ते नंतरचं. कँटरनं अक्षरंच का घेतली याचं एक व्यवहारी कारण थोड्या वेळात आपोआप समोर येईल.

आता युक्ती.

समजा, कुणीतरी आपल्या हातात एक यादी दिली. ती कशी केली ते विचारायचं नाही. यादीतल्या प्रत्येक संख्येचा दशांश विस्तार लिहून घ्यायचा. विस्तार संपत असेल तर पुढे शून्यं जोडायची. पहिल्या सात ओळी अशा आहेत असं धरू :

१) ०.५००००००…
२) ०.३३३३३३३…
३) ०.१४१५९२६…
४) ०.४१४२१३५…
५) ०.७१८२८१८…
६) ०.१२३४५६७…
७) ०.१०१००१०…

पहिल्या दोन म्हणजे अर्धा आणि एक तृतीयांश. तिसरी म्हणजे पायमधून ३ वजा केल्यावर उरतं ते, चौथी दोनच्या वर्गमूळाचा दशांश भाग. बाकीच्या कशाही असोत.

आता पहिल्या ओळीतला पहिला अंक घ्या, दुसऱ्या ओळीतला दुसरा, तिसरीतला तिसरा. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरकं खाली उतरत जायचं. हाच तो कर्ण. वरच्या यादीत कर्णावर ५, ३, १, २, ८, ६, ० हे अंक येतात.

मग एक नियम ठरवू. कर्णावरचा अंक ५ पेक्षा लहान असेल तर त्याच्या जागी ७ लिहायचा. ५ किंवा त्याहून मोठा असेल तर २ लिहायचा. ५ चा झाला २, ३ चा ७, १ चा ७, २ चा ७, ८ चा २, ६ चा २, ० चा ७. या अंकांची संख्या केली :

०.२७७७२२७…

ही संख्या यादीत आहे का? पहिल्या ओळीवर नाही, कारण तिथे पहिला अंक ५ आहे आणि आपला २. दुसऱ्या ओळीवर नाही, कारण दुसऱ्या जागी तिथे ३ आणि आपल्याकडे ७. चौथ्या ओळीवर? चौथ्या जागी तिथे २, आपल्याकडे ७. कुणी म्हणालं, की ती खूप खाली आहे, नऊ लाखाव्या ओळीवर. तर त्या ओळीतला नऊ लाखावा अंक पाहायचा. आपण आपला नऊ लाखावा अंक नेमका त्याच्याकडे बघूनच ठरवला आहे, आणि वेगळा ठरवला आहे. कुठलाही अनुक्रमांक सांगा, उत्तर त्याच अनुक्रमांकाच्या जागेवर तयार असतं. म्हणून ही संख्या यादीत नाही. ती ० आणि १ यांच्यामधली मात्र आहे. यादी अपुरी होती.

आणि यादी कुणाची होती, कशी केली होती, हे आपण कुठेच वापरलेलं नाही. म्हणून कुठलीही यादी अपुरी.

युक्ती संपली. आता भांडण.

पहिली शंका चतुर वाचकाची असते आणि ती नियमावर असते : ५ चा २ नि ३ चा ७ हे कशाला? प्रत्येक अंकात एक मिळवला तरी वेगळा अंक मिळाला असता. मिळाला असता, पण वेगळे अंक म्हणजे वेगळी संख्या, हे दशांश विस्तारात नेहमी खरं नसतं. ०.४९९९… आणि ०.५०००… या दोन्ही लिहिण्यांत पहिल्या अंकापासून प्रत्येक अंक वेगळा आहे, तरी संख्या एकच आहे : अर्धा. अशी दोन रूपं कधी होतात? एका रूपात कुठल्यातरी जागेपासून पुढे सगळे ९ असतात आणि दुसऱ्यात सगळी शून्यं, तेव्हाच. आपल्या नियमातून बाहेर पडणाऱ्या संख्येत २ आणि ७ यांशिवाय अंकच नसतात. त्यामुळे तिला दुसरं रूप नाही, आणि एका जागी अंक वेगळा म्हणजे संख्या वेगळी, हे तिच्यापुरतं निर्धास्त म्हणता येतं.

हा नुसता शिष्टाचार नाही. नियम बेफिकिरीनं निवडला तर युक्ती खरोखर मोडते, आणि ती कशी मोडते ते पाहणं फार उपयोगी आहे. संगणकासारखे ० आणि १ हे दोनच अंक वापरून, म्हणजे द्विमान पद्धतीत, संख्या लिहा. इथे नियम निवडायला वावच नाही : कर्णावर ० असेल तर १, १ असेल तर ०. आता अशी यादी घ्या, जिच्या पहिल्या ओळीवर ०.१०००… आहे, म्हणजे अर्धा. आणि दुसऱ्या ओळीचा दुसरा अंक, तिसरीचा तिसरा, असे पुढचे सगळे कर्णावरचे अंक ० आहेत. कर्ण झाला १, ०, ०, ०… आणि उलटवल्यावर संख्या मिळाली ०.०१११… पण द्विमान पद्धतीत ०.०१११… म्हणजे अर्धाच! जिला यादीबाहेरची म्हणून मोठ्या तोऱ्यात पुढे केलं, ती पहिल्याच ओळीवर बसलेली आहे. पाठ्यपुस्तकांतही हा तपशील कधीकधी निसटतो. दुरुस्ती सोपी आहे. अंक एकेक न पाहता दोन-दोनच्या जोडीनं पाहायचे : पहिल्या ओळीची पहिली जोडी, दुसरीची दुसरी जोडी. जोडी ०१ असेल तर १० लिहायची, नसेल तर ०१. मग प्रत्येक जोडीत एक ० आणि एक १ असतोच, आणि शेवटपर्यंत नुसते १ किंवा नुसती शून्यं अशी शेपटी तयार होऊ शकत नाही.

कँटरच्या दोन अक्षरांचं इंगित इथे कळतं. तो अक्षरांच्या ओळींबद्दल बोलत होता. दोन ओळी एका जागी वेगळ्या असल्या की त्या वेगळ्याच. एकाच ओळीची दोन रूपं हा प्रकारच नाही. आपली ही सिद्धता अपरिमेय संख्यांचा विचार न करताही उभी राहते, असं त्यानं लेखात म्हटलंही आहे. दशांशांकडे आपण आलो ते ओळखीच्या संख्या डोळ्यांपुढे याव्यात म्हणून, आणि त्याची किंमत ही ९ आणि शून्याची खबरदारी.

दुसरी शंका सगळ्यात जास्त ऐकू येते : नवी संख्या सापडली ना, मग ती यादीच्या डोक्यावर ठेवा, बाकीच्या एकेक ओळ खाली सरकवा. झाली यादी पुरी. ठेवा की. पण आता ही दुसरी यादी झाली. तिचा कर्ण वेगळा, आणि त्यातून निघणारी संख्या या नव्या यादीत नाही. ही शंका येते याचा थोडा दोष शिकवणाऱ्यांकडे जातो. बहुतेक जण सुरुवात अशी करतात : ‘समजा, सगळ्या संख्यांची यादी झाली आहे’, आणि शेवटी विसंगती दाखवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, की एका विशिष्ट यादीत एक विशिष्ट संख्या चुकून राहिली, म्हणजे दुरुस्ती करण्याजोगी चूक सापडली. कँटरनं मात्र आधी साधं विधान केलं होतं : कुठलीही यादी द्या, तिच्यात नसलेली एक ओळ असतेच. ‘समजा’ नाही की विसंगती नाही. हातात यादी पडली, की तिच्याबाहेरची संख्या काढून देणारी रीत आपल्याकडे आहे, एवढंच. सगळ्यांची यादी अशी गोष्ट नसते, हे त्यातून लगेच निघतं. मला ही मांडणी कितीतरी स्वच्छ वाटते, आणि या पुस्तिकेत तीच धरली आहे.

‘पण तुमची ती नवी संख्या कधी पूर्णच होत नाही’ या हरकतीवर फार वेळ घालवण्याचं कारण नाही. दोनचं वर्गमूळही कधी लिहून होत नाही. हजारावा अंक कुठला, हे ठरवण्याचा नियम पक्का असला की संख्या ठरली.

तिसरी शंका खरी मोलाची आहे, आणि या विषयाचं मर्म मला तिच्यातच दिसतं. ही युक्ती इतकी सढळ असेल तर ती कशालाही लावता येईल. मग ज्यांची यादी होते हे आपण आताच पाहिलं त्या नैसर्गिक संख्या आणि ते अपूर्णांक, त्यांच्याही याद्या ती मोडून टाकेल की! आणि मग ती खोटी ठरेल.

लावून पाहू. नैसर्गिक संख्यांच्या डावीकडे हवी तेवढी शून्यं लिहू : …०००१, …०००२, …०००३. कर्ण उजवीकडून धरायचा : पहिल्या संख्येचा एककाचा अंक, दुसरीचा दशकाचा, तिसरीचा शतकाचा. पहिला अंक १. पुढचे सगळे शून्य, कारण २ ला दशकच नाही, ३ ला शतक नाही, आणि पुढे कुठल्याही संख्येला तिच्या अनुक्रमांकाइतके अंक कधी नसतात. आपल्या नियमानं सगळीकडे ७ आले : …७७७७, डावीकडे न संपणारे. ही यादीत नाही, कबूल. पण ही नैसर्गिक संख्याही नाही. नैसर्गिक संख्येचे अंक कुठेतरी संपतात. यादीत ती नसल्यानं यादीचं काहीच बिघडलं नाही.

आता अपूर्णांकांची यादी. छेदाच्या क्रमानं केलेली तीच घेऊ. १/२ चा पहिला अंक ५. १/३ चा दुसरा ३. २/३ चा तिसरा ६. मग १/४ म्हणजे ०.२५०००…, त्याचा चौथा अंक ०. ३/४ चा पाचवा ०. १/५ पासून ४/५ पर्यंत चौघांचेही ०. दहाव्या ओळीवर १/६ म्हणजे ०.१६६६…, अंक ६. अकराव्या ओळीवर ५/६, अंक ३. बाराव्यावर १/७ म्हणजे ०.१४२८५७१४२८५७…, बारावा अंक ७. तेराव्यावर २/७ म्हणजे ०.२८५७१४२८५७१४२…, तेरावा अंक २. नियम लावला की मिळतं :

०.२७२७७७७७७२७२७…

युक्ती इथेही बिनचूक चालली. ही संख्या यादीत नाही, आणि यादीत तर ० व १ यांच्यामधले सगळे अपूर्णांक आहेत. मग काय मोडलं? काहीच नाही. एवढंच सिद्ध झालं, की ही संख्या अपूर्णांक नव्हे. ती अपरिमेय आहे. बघायला अंक किती नीरस आहेत! अधूनमधून सातांच्या रांगा, मध्येच एखादा दोन. तरी या अंकांचा ठरावीक गट कुठल्याही जागेपासून पुन्हापुन्हा येत राहणार नाही, हे एकही पुढचा अंक न काढता सांगता येतं. तसा गट आवर्ती झाला असता तर संख्या परिमेय ठरली असती आणि यादीतल्या कुठल्यातरी ओळीवर सापडली असती.

म्हणजे युक्ती तिन्ही ठिकाणी एकच काम करते : यादीबाहेरची एक वस्तू घडवते. ती वस्तू ज्या समूहाची यादी होती त्याच समूहातली आहे का, यावर निकाल अवलंबून असतो. नैसर्गिक संख्यांच्या वेळी नव्हती, अपूर्णांकांच्या वेळी नव्हती. वास्तव संख्यांच्या वेळी ती सुटका नाही, कारण दशांश चिन्हापुढे कुठलेही अंक कसेही लिहिले तरी ती वास्तव संख्याच असते. युक्तिवादाची ही पायरी इतकी सरळ दिसते, की सांगताना ती बोटांतून निसटते. कर्णाचा युक्तिवाद कुठेही भेटला की मी आधी हेच पाहतो : घडवलेली वस्तू त्याच घरातली असल्याचं लेखकानं दाखवलं आहे का.

या दृष्टीनं पाहिलं की कँटरच्या पहिल्या लेखाचाही अर्थ उलगडतो. ज्या संख्या पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी समीकरणाचं उत्तर असतात, जशी दोनची वर्गमूळं, घनमूळं, त्यांचीही यादी होते. ही सिद्धता डेडेकिंडनं पत्रातून कळवली होती. अशा कुठल्याच समीकरणात न बसणाऱ्या संख्या असतात, हे फ्रान्समध्ये लियूव्हिलनं १८४४ साली दाखवलं होतं, पण त्यासाठी त्याला खास संख्या रचाव्या लागल्या होत्या. कँटरच्या हाती आता सरसकट रीत आली : समीकरणांत बसणाऱ्या संख्यांची यादी घ्या आणि तिच्याबाहेरची संख्या काढा. १८७४ च्या लेखाच्या शीर्षकात याच संख्यांचं नाव आहे. वास्तव संख्यांची यादी होत नाही ही बातमी त्या शीर्षकात शोधूनही सापडत नाही, आणि डेडेकिंडचं नाव लेखात नाही. दुसरी गोष्ट मला आजही खटकते.

घरातल्या-बाहेरच्या या प्रश्नाचं सगळ्यात चमत्कारिक उत्तर १९३६ साली ॲलन ट्युरिंगच्या निबंधात मिळतं. त्यानं अशा संख्या घेतल्या, ज्यांचे अंक एखादा यांत्रिक नियम, आजच्या भाषेत एखादा प्रोग्रॅम, एकामागून एक छापत राहतो. पाय त्यात येतो, दोनचं वर्गमूळ येतं, आपली ०.२७२७७… ही सुद्धा येते. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी मोजक्या अक्षरांचा मजकूर. त्यामुळे लहान मजकूर आधी, मोठा नंतर, अशी सगळ्या प्रोग्रॅमची यादी करता येते. तिच्यातून या संख्यांची यादी काढा, कर्ण घ्या, नियम लावा. कर्णावरचा प्रत्येक अंक प्रोग्रॅम चालवूनच मिळतो आणि नियम तर शेंबडं पोरही लावेल. म्हणजे नवी संख्याही प्रोग्रॅमनं छापता येणारी, घरातलीच. ती कुठल्यातरी ओळीवर असायला हवी. पण त्या ओळीवरच्या तिच्या स्वतःच्या अंकापासून तिला वेगळं असावं लागेल! यादी तर होते, मग घोळ कुठे?

घोळ ‘संख्यांची यादी काढा’ या सहज म्हटलेल्या वाक्यात आहे. सगळे प्रोग्रॅम धड नसतात. काही चार अंक छापतात आणि पाचव्यासाठी अखंड गिरक्या घेत राहतात. असे प्रोग्रॅम चाळून बाजूला काढले तरच कर्ण पुढे सरकतो, नाहीतर आपण पाचव्या ओळीवर तो अंक येण्याची वाट पाहत कायमचे बसतो. चाळणी यांत्रिक असती तर वरची विसंगती अटळ होती. म्हणून अशी चाळणी नाही : कुठला प्रोग्रॅम अंक छापत राहील आणि कुठला अडकेल, हे प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ठरवून देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. इथे यादी आहे, पण ती यंत्राला तयार करता येत नाही. कँटरच्या वेळी या दोन गोष्टींत फरक करण्याची गरज पडली नव्हती.

वाचकाला एका गोष्टीची आधीच सूचना दिलेली बरी. कर्णाची युक्ती ‘यादी होत नाही’ एवढंच सांगते. वास्तव संख्यांचा समूह नैसर्गिक संख्यांहून किती मोठा, हे सांगत नाही. नैसर्गिक संख्यांपेक्षा मोठा पण वास्तव संख्यांपेक्षा लहान असा एखादा समूह मध्ये आहे का? नसावा, असं कँटरला वाटे. ते सिद्ध करण्यात त्याची वर्षानुवर्षं गेली आणि १९१८ मध्ये हाले इथेच तो वारला तेव्हाही प्रश्न उघडाच होता. पुढे कुर्ट गोडेलनं दाखवलं, की संचशास्त्राच्या रूढ गृहीतकांवरून कँटरचा अंदाज खोटा पाडता येत नाही, आणि १९६३ साली पॉल कोहेननं दाखवलं, की तो खराही ठरवता येत नाही. हा भाग या पुस्तिकेत शेवटच्या प्रकरणात फक्त ओझरता येतो, कारण त्याची हत्यारं वेगळी आहेत आणि ती जड आहेत.

पहिल्या प्रकरणाकडे जाण्याआधी मात्र एक गणित हातानं करून पाहा. ० आणि १ यांच्यामधले फक्त संपणारे दशांश घ्या : आधी एक अंकी ०.१ ते ०.९, मग दोन अंकी ०.०१, ०.०२ असे, आधी आलेले गाळून. पहिल्या ओळीचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा पाहत कर्ण उतरा, आपला २-७ चा नियम लावा. पहिल्या ओळीवर काय येतं, दुसरीपासून पुढे काय येत राहतं ते लिहा. मग ठरवा, की निघालेली संख्या संपणारा दशांश आहे की नाही, अपूर्णांक आहे की नाही, आणि असेल तर तो कुठला.